लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट: ‘एस’ आणि ‘आर’ कसे वाचावेत?

लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट हाती आला की बहुतेक घरांमध्ये तो तळापासून वाचला जातो. वर जिवाणूचे अवघड नाव असते, त्याखाली पंधरा-वीस प्रतिजैविकांची यादी, प्रत्येकापुढे एक आकडा आणि शेवटी ‘एस’, ‘आय’ किंवा ‘आर’ यांपैकी एक इंग्रजी अक्षर. ‘एस’ म्हणजे चालणारे औषध आणि ‘आर’ म्हणजे न चालणारे, एवढे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. ते चूकही नाही. परंतु एवढ्याच ज्ञानावर औषध निवडू गेल्यास वयस्कर रुग्णाला विनाकारण सलाइन आणि इंजेक्शने घ्यावी लागतात, किंवा ज्याला औषधाची गरजच नव्हती त्याला औषध दिले जाते. म्हणून आज हा रिपोर्ट एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे सावकाश वाचू.

एक चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी. दहा-बारा वर्षांचा मधुमेह, तो गोळ्यांवर बऱ्यापैकी आटोक्यात. तीन दिवसांपासून लघवीला जळजळ, रात्रीतून सहा-सात वेळा उठावे लागणे आणि ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी. ताप नव्हता, थंडी वाजली नव्हती, कमरेच्या वर पाठीत दुखत नव्हते, जेवण व्यवस्थित होते. मागील वर्षी अशाच त्रासावर सिप्रोफ्लॉक्सासिनने बरे वाटले होते, म्हणून घरी उरलेल्या त्याच गोळ्या दोन दिवस घेऊन झाल्या होत्या. उपयोग झाला नाही, तेव्हा त्या तपासणीस आल्या. लघवीचा नमुना कल्चरसाठी पाठवला, क्रिएटिनिन पाहिले आणि लक्षणांवरून मूत्राशयाचा संसर्ग गृहीत धरून त्याच दिवशी नायट्रोफ्युरँटॉइन सुरू केले.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला तो असा. जिवाणू: ई. कोलाय. वाढ: दर मिलिलिटरला एक लाखाहून अधिक. अँपिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि कोट्रायमॉक्सॅझोल यांच्यापुढे ‘आर’. नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन, अमिकासिन, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम यांच्यापुढे ‘एस’. खाली एक टीप होती: ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’.

आजींचे चिरंजीव रिपोर्ट घेऊन आले ते चिंतेतच. “डॉक्टर, आईला ॲडमिट करायचं ठरवलंय. मेरोपेनेमचा आकडा शून्य पॉइंट पंचवीस आहे, सगळ्यांत कमी. तुम्ही दिलेल्या गोळीचा सोळा आहे. म्हणजे हे इंजेक्शन कितीतरी पटीने जास्त चालणार ना?” त्यांनी एका नर्सिंग होममध्ये सात दिवसांच्या खोलीची चौकशीही करून ठेवली होती. आजींना विचारले, तर जळजळ दुसऱ्या दिवसापासूनच उतरली होती आणि आदल्या रात्री त्या दोनदाच उठल्या होत्या.

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. त्याचे उत्तर समजण्यासाठी तो आकडा कुठून येतो हे पाहावे लागेल.

आकडा काय सांगतो?

प्रयोगशाळेत लघवीचा एक थेंब पोषक पदार्थ असलेल्या बशीवर पसरवतात आणि ती बशी शरीराच्या तापमानाला साधारण एक दिवस ठेवतात. जिवाणू असतील तर त्यांच्या वसाहती दिसू लागतात, त्या मोजून दर मिलिलिटरची संख्या काढतात. त्यानंतर तोच जिवाणू निरनिराळ्या औषधांच्या कमी-अधिक प्रमाणांत वाढवून पाहतात. याला आणखी एक दिवस लागतो, म्हणून रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी मिळतो. ज्या किमान प्रमाणात त्या जिवाणूची वाढ थांबते, ते प्रमाण म्हणजे रिपोर्टवरील ‘एमआयसी’चा आकडा.

आता महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक औषधाची उत्तीर्ण होण्याची मर्यादा वेगळी असते. त्या औषधाचा नेहमीचा डोस घेतल्यावर शरीरात ते किती प्रमाणात पोहोचते आणि रुग्ण किती प्रमाणात बरे होतात, हे पाहून ती मर्यादा ठरवलेली असते. अमेरिकेतील सीएलएसआय या संस्थेची मानके आपल्याकडील पुष्कळ प्रयोगशाळा वापरतात. त्यांनुसार ई. कोलायसाठी मेरोपेनेमची मर्यादा १ आहे आणि नायट्रोफ्युरँटॉइनची ३२. आजींच्या रिपोर्टमध्ये मेरोपेनेमचा आकडा ०.२५ आणि नायट्रोफ्युरँटॉइनचा १६ होता. दोन्ही आपापल्या मर्यादेच्या आत आहेत, म्हणून दोन्हींपुढे ‘एस’. नायट्रोफ्युरँटॉइन गोळीच्या रूपात घेतले की ते मूत्रपिंडांतून वेगाने लघवीत उतरते आणि तिथे त्याचे प्रमाण पुष्कळ वाढते. १६ हा आकडा त्याच्यापुढे मोठा राहत नाही.

एका भाजीचा किलोचा भाव आणि दुसरीचा जुडीचा भाव शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवता येत नाही, तसेच हे आहे. आकडा वाचायचा तो आडवा, त्याच औषधाच्या ओळीत. वरून खाली वाचून औषधांची एकमेकांशी तुलना करावयाची नाही. काही प्रयोगशाळा एमआयसीऐवजी मिलिमीटरमधील आकडे देतात. तिथे औषधाच्या चकतीभोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ मोजलेले असते आणि मोठा आकडा चांगला मानतात. त्याही पद्धतीत दोन औषधांच्या आकड्यांची तुलना करणे चुकीचेच ठरते.

‘आय’ हे अक्षर या दोहोंच्या मधले. त्याचा अर्थ ‘अर्धवट उपयोगी’ असा सरसकट लावू नये. युरोपीय मानकांनुसार २०१९ पासून त्याचा अर्थ वाढीव डोस दिल्यास किंवा औषध संसर्गाच्या जागी अधिक प्रमाणात पोहोचत असल्यास उपयोगी, असा आहे. ‘आय’चे औषध वापरावे की नाही हा निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

‘एस’ असलेली औषधे पाच, मग निवड कशी?

आजींच्या रिपोर्टवर पाच औषधांपुढे ‘एस’ आहे. ती पाचही औषधे काचेच्या बशीत त्या जिवाणूला रोखतात, एवढेच रिपोर्ट सांगतो. औषध शरीरात कुठे पोहोचते, रुग्णाचे वय किती, मूत्रपिंड कसे चालते, हे बशीला माहीत नसते.

आधी संसर्ग कुठे आहे ते पाहावे लागते. आजींना ताप नव्हता, पाठीत दुखत नव्हते, उलट्या नव्हत्या. म्हणजे संसर्ग मूत्राशयापुरता होता. अशा वेळी लघवीत साठणारे नायट्रोफ्युरँटॉइन योग्य ठरते. परंतु हेच औषध रक्तात आणि मूत्रपिंडाच्या पेशींत फारच कमी प्रमाणात असते. म्हणून थंडी वाजून ताप आला असेल, म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत किंवा रक्तापर्यंत गेल्याची शंका असेल, तर रिपोर्टवर ‘एस’ असूनही ते पुरे पडत नाही. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतही ते पुरेसे पोहोचत नाही. त्यामुळे आजोबांच्या संसर्गात आजींचीच गोळी चालेल असे समजू नये.

नंतर मूत्रपिंडाची क्षमता. आजींचे क्रिएटिनिन ०.९ होते आणि त्यावरून काढलेला इजीएफआर ६७. क्षमता बरीच घटलेली असेल, विशेषतः ३० च्या खाली असेल, तर नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत पुरेसे उतरत नाही आणि शरीरात साठून नसांना अपाय करू शकते. म्हणून वयस्कर रुग्णात ही गोळी देण्यापूर्वी क्रिएटिनिन ठाऊक असावे. अमिकासिनचेही तसेच. ‘एस’ असले तरी ते इंजेक्शन मूत्रपिंडाला आणि श्रवणशक्तीला इजा करू शकते. ज्या वयात दोन्ही आधीच कमी झालेली असतात, त्या वयात पर्याय असताना ते टाळणेच बरे.

आता ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ ही टीप. या दोन शब्दांनीच चिरंजीव घाबरले होते. त्याचा अर्थ असा की, हा जिवाणू एक विकर तयार करतो आणि त्या विकरामुळे पेनिसिलिन आणि ‘सेफ’ने सुरू होणारी बहुतेक औषधे निष्प्रभ होतात. सेफिक्झिम आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनपुढील ‘आर’ त्यातूनच आलेला आहे. आजार किती गंभीर आहे, हे या टिपेवरून ठरत नाही. जळजळ जेवढी होती तेवढीच राहते, फक्त उपयोगी औषधांची यादी आखूड होते. मूत्राशयापुरता संसर्ग असेल आणि नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनपुढे ‘एस’ असेल, तर ईएसबीएल असूनही तोंडाने घ्यायच्या औषधावर रुग्ण बरा होतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हाच जिवाणू रक्तात गेला असेल तर मेरोपेनेमच्या गटातील औषधच लागते. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमपुढे ‘एस’ लिहिलेले असले तरी त्यावर अवलंबून राहता येत नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणाऱ्या जिवाणूंचा रक्तातील संसर्ग असलेल्या रुग्णांमध्ये या दोन औषधांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण मेरोपेनेम दिलेल्यांत ३.७ टक्के, तर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दिलेल्यांत १२.३ टक्के होते. रिपोर्टवर त्या दुसऱ्या औषधापुढेही ‘एस’च होता. एकाच अक्षराचा अर्थ संसर्गाच्या जागेनुसार आणि तीव्रतेनुसार कसा बदलतो, हे यावरून लक्षात येईल. मेरोपेनेम अशा वेळेसाठी उपयोगी राहावे, म्हणूनच ते साध्या जळजळीवर वापरायचे नसते.

आजींची गोळी बदलली नाही. नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणासोबत, एकूण पाच दिवस, एवढेच उपचार झाले. या गोळीने लघवीचा रंग गडद पिवळा किंवा तपकिरी होतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवले होते, नाहीतर त्या रक्त समजून घाबरल्या असत्या. पाचव्या दिवशी तक्रार उरली नव्हती. पुन्हा कल्चर करावयाचे का, असे चिरंजीवांनी विचारले. लक्षणे गेली असतील तर ते करण्याची आवश्यकता नसते.

‘आर’ आणि घरातील उरलेल्या गोळ्या

सिप्रोफ्लॉक्सासिन मागील वर्षी लागू पडले आणि यंदा त्याच्यापुढे ‘आर’ आला, याचे आजींना आश्चर्य वाटत होते. हे औषध ‘अंगाला सवय झाल्यामुळे’ निकामी होत नाही. सवय आपल्याला होत नाही, जिवाणू बदलतात. आतड्यांतील जिवाणूंवर दर वेळी औषधाचा मारा होतो, तेव्हा जे त्याला दाद देत नाहीत तेच मागे उरतात आणि वाढतात. पुढचा लघवीचा संसर्ग बहुधा त्यांच्यातूनच होतो. म्हणून जुना रिपोर्ट जपून ठेवावा, डॉक्टरांना अवश्य दाखवावा, परंतु त्यातील ‘एस’ पाहून घरी औषध सुरू करू नये.

आणखी एक व्यावहारिक सूचना. रिपोर्टवर औषधाचे मूळ नाव असते, तर गोळ्यांच्या पाकिटावर कंपनीने दिलेले नाव मोठ्या अक्षरात आणि मूळ नाव बारीक अक्षरात असते. सुरू असलेले औषध ‘एस’मध्ये आहे की ‘आर’मध्ये, हे पाहताना ते बारीक अक्षर वाचावे. औषध ‘आर’मध्ये निघाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. रुग्णाला बरे वाटत असेल तरीही कळवावे, कारण लघवीत साठणारी काही औषधे ‘आर’ असूनही काही अंशी गुण देतात आणि पुढे काय करायचे ते रुग्णाला तपासूनच ठरवावे लागते. औषध यादीतच नसेल, तर ते निरुपयोगी आहे असा अर्थ नव्हे. एकाच गटातील एका औषधाची चाचणी करून बाकीच्यांचा अंदाज बांधण्याची पद्धत प्रयोगशाळेत आहे.

नमुना चुकला तर रिपोर्टही चुकतो

रिपोर्टवर दोन-तीन प्रकारच्या जिवाणूंची मिश्र वाढ लिहिलेली असेल, तर बहुतेक वेळा नमुना घेताना त्वचेवरील जिवाणू त्यात मिसळलेले असतात. अशा रिपोर्टवर औषध ठरवू नये, नमुना पुन्हा द्यावा. प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी नमुना घेतलेला उत्तम. जागा साध्या पाण्याने स्वच्छ करून, लघवीची सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत धरावी. डबीच्या आत बोट लागू देऊ नये. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा. ते शक्य नसेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवावी, मात्र बर्फाच्या कप्प्यात नव्हे, आणि चोवीस तासांच्या आत पोहोचवावी. उन्हाळ्यात डबी टेबलावर चार-पाच तास राहिली तर मोजकेच जिवाणू वाढून लाखाच्या घरात जातात.

कॅथेटर असलेल्या रुग्णाच्या पिशवीतील लघवी कल्चरसाठी कधीही देऊ नये. पिशवीत ती तासन्‌तास साठलेली असते. नमुना नर्सने कॅथेटरच्या ठरावीक जागेतून सिरिंजने काढावा. कॅथेटर बरेच दिवसांचे असेल तर ते बदलून नव्यातून नमुना घेणे अधिक चांगले.

जिवाणू आहेत, पण आजार नाही

वयस्करांची काळजी घेणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी साधारण चतुर्थांश ते निम्म्या जणींच्या लघवीत, कोणतीही तक्रार नसताना, कल्चर केल्यास जिवाणू सापडतात. महिनाभर कॅथेटर असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते असतात. जळजळ नाही, ताप नाही, ओटीपोटात दुखणे नाही, परंतु नेहमीच्या तपासणीत कल्चर पॉझिटिव्ह आले, तर प्रतिजैविक देण्याची गरज नसते. दिल्याने जिवाणू तात्पुरते जातात, पुन्हा येतात, आणि येतात तेव्हा रिपोर्टवरील ‘आर’ची संख्या वाढलेली असते. मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया होणार असेल किंवा स्त्री गर्भवती असेल, तर मात्र नियम वेगळा आहे.

लघवीला वास येतो किंवा ती गढूळ दिसते, एवढ्यावरून कल्चर करू नये. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले आणि लघवीची कोणतीही तक्रार नाही, तर कल्चरवर सर्व दोष ढकलून थांबू नये. अंगातील पाणी कमी होणे, सोडियम उतरणे, साखर खाली जाणे, नुकतीच सुरू झालेली झोपेची किंवा सर्दीची गोळी, अनेक दिवसांचा मलावरोध ही कारणे आधी शोधावी लागतात. लघवीतील जिवाणूंवर समाधान मानले तर ती तशीच राहून जातात.

याउलट काही प्रसंगी रिपोर्टची वाट पाहत बसणे धोक्याचे असते. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत तीव्र दुखणे, सतत उलट्या, रक्तदाब उतरणे, लघवी फारच कमी होणे किंवा ताप असताना ग्लानी येणे, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. तिथे रक्त आणि लघवीचे नमुने घेऊन लगेच इंजेक्शन सुरू करतात आणि दोन दिवसांनी रिपोर्ट आला की त्यानुसार औषध बदलतात.

रिपोर्ट दाखवावयास जाताना सोबत एक कागद न्यावा. त्यावर तक्रारी कधी सुरू झाल्या, ताप किती होता, नमुना देण्यापूर्वी कोणती औषधे घेतली होती, शेवटचे क्रिएटिनिन किती होते, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि सुरू असलेल्या औषधाने आज कसे वाटते, हे लिहिलेले असावे. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या आणि हृदयाच्या गोळ्यांची नावेही त्यात असावीत, कारण काही प्रतिजैविकांमुळे त्यांचा परिणाम वाढतो. त्या कागदावरील माहिती आणि रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले, म्हणजे ‘एस’पैकी नेमके कोणते औषध आपल्या रुग्णाचे, हे ठरवता येते.